खात्यात पैसे आहेत, तरी कार्ड नाकारलं: ॲपच्या सबस्क्रिप्शनचे पैसे नेमके कुठे अडतात

कार्ड नाकारलं की पहिला हात जातो तो बॅलन्स बघायला. पैसे तर दिसतात. मग आपण तोच नंबर पुन्हा टाकतो, मग आणखी एकदा, आणि शेवटी ॲपला नाहीतर बँकेला दोन शब्द सुनावून मोकळे होतो. गंमत अशी की बॅलन्सची पाळी बहुतेक वेळा आलेलीच नसते. कार्डावरून ऑनलाइन खर्चाची परवानगी आहे का, परदेशी कंपनीला पैसे द्यायची परवानगी आहे का, त्या खर्चाची मर्यादा किती ठेवली आहे, हे बँकेची यंत्रणा स्वतंत्रपणे तपासते. यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर खात्यात लाख रुपये असून उपयोग नाही.

यामागे रिझर्व्ह बँकेचं १५ जानेवारी २०२० चं परिपत्रक आहे. त्यानुसार नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल, एवढीच परवानगी घेऊन आपल्या हातात येतं. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं या सोयी कार्डधारकाने स्वतः चालू करायच्या. जुन्या कार्डांबाबतही सांगितलं होतं की ज्या कार्डावर यातला एखादा प्रकार कधी वापरलाच नाही, त्यावर तो बंद करावा. म्हणजे पाच वर्षं डी-मार्टमध्ये बिनतक्रार चाललेलं कार्ड ॲपवर पहिल्यांदा टाकल्यावर नाकारलं गेलं, तर कार्डात काही बिघाड आहे असं समजायचं कारण नाही. मुदत संपून नवं कार्ड पोस्टाने आल्यावर चालू सबस्क्रिप्शन अचानक बंद पडतं, तेही बरेचदा याचमुळे. जुन्या कार्डावर चालू केलेल्या सोयी नव्यावर तशाच येतील असं धरून चालू नका.

आधी दोन खुणा बघा

पुन्हा प्रयत्न करण्याआधी फोनमधले मेसेज उघडा. ओटीपी आला होता का? आणि व्यवहार नाकारल्याचा बँकेचा मेसेज आला का? या दोन उत्तरांवरून अडचण कुठे आहे याचा बराच अंदाज येतो.

ओटीपी आला, तुम्ही बरोबर टाकला आणि त्यानंतर व्यवहार पडला, तर कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही हे बहुधा ठीक आहे. अडचण मर्यादेत किंवा रकमेत शोधा. ओटीपी आला नाही पण बँकेचा नाकारल्याचा मेसेज आला, तर मागणी बँकेपर्यंत पोहोचली आणि बँकेनेच परतवली. हा मेसेज नीट वाचा. ‘International usage disabled’, ‘limit exceeded’ असं कारण त्यात बरेचदा चक्क लिहिलेलं असतं, पण आपण ‘declined’ एवढंच वाचून फोन खाली ठेवतो. ओटीपीही नाही आणि मेसेजही नाही, तर मागणी बँकेपर्यंत गेलीच नसावी. नंबर चुकला असेल, ॲपला तुमच्या प्रकारचं कार्डच चालत नसेल किंवा ॲपने स्वतःच्या पातळीवर व्यवहार थांबवला असेल. अशा वेळी बँकेच्या हेल्पलाइनवर तासभर संगीत ऐकून काही निघत नाही.

ओटीपी न येणं म्हणजे बिघाडच, असंही नाही. भारतातल्या कंपनीला ऑनलाइन पैसे देताना ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते. परदेशी कंपन्या मात्र अनेकदा ती मागतच नाहीत. नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही दिला की थेट पैसे कापले जातात. म्हणूनच परदेशी व्यवहाराचा स्विच मुळात बंद ठेवलेला असतो, आणि तो चालू करताना मर्यादा लहान का ठेवायची याचं उत्तरही इथेच आहे.

कंपनी देशी की परदेशी, हे रुपयाच्या चिन्हावरून ठरत नाही

सर्वात जास्त फसगत इथे होते. ॲपवर किंमत ‘₹४९९’ अशी दिसते, म्हणून व्यवहार भारतातलाच असणार असं आपण धरून चालतो. बँक मात्र किंमत कोणत्या चलनात लिहिली आहे हे बघत नाही. पैसे घेणारी कंपनी कोणत्या देशात नोंदलेली आहे, हे बघते. सिंगापूर किंवा आयर्लंडमधल्या कंपनीने रुपयात बिल लावलं तरी तो परदेशी व्यवहारच. काही बँका अशा रुपयातल्या परदेशी व्यवहारावर वेगळं शुल्कही लावतात.

ओळखायचं कसं? पैसे भरायच्या पानावर तळाशी कंपनीचं पूर्ण नाव असतं, ते बघा. शेवटी ‘Pte. Ltd.’ असेल तर सिंगापूर, ‘Inc.’ असेल तर बहुधा अमेरिका, ‘Private Limited’ आणि सोबत भारतातला जीएसटी क्रमांक व पत्ता असेल तर देशी. आधी कधी पैसे गेले असतील तर जुनं बिल किंवा कार्डाचं स्टेटमेंट काढा, कंपनीच्या नावापुढे बरेचदा शहराचं किंवा देशाचं नाव छापलेलं असतं. तेही हाताशी नसेल तर व्यवहार परदेशी आहे असं धरून पुढच्या पायऱ्या करा, त्यात नुकसान काही नाही.

स्विच: एक चालू करून भागत नाही

बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या भागात जा. बँकेप्रमाणे नाव बदलतं: कुठे `Manage Card`, कुठे `Card Controls`, कुठे `Usage & Limits`. आत साधारणपणे दोन भाग दिसतील, `Domestic` आणि `International`. प्रत्येकाखाली पुन्हा `ATM`, `POS`, `Online` किंवा `E-commerce`, आणि `Contactless` असे वेगवेगळे स्विच.

चाळीतल्या विजेसारखं आहे हे. जिन्याखालचा मेन स्विच चालू केला तरी खोलीतलं बटण दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. लोक `International` चालू करतात आणि समाधानाने बाहेर पडतात. त्याच्या आतलं `Online` बंदच राहतं, कारण ‘इंटरनॅशनल म्हणजे सगळंच आलं’ असं वाटतं. ॲपच्या सबस्क्रिप्शनसाठी परदेशी एटीएम किंवा परदेशी दुकान यांचे स्विच लागतच नाहीत. ते बंदच ठेवा. हवं ते एवढंच: `International` मधलं `Online`. कंपनी देशी असेल तर `Domestic` मधलं `Online`.

प्रत्येक स्विचशेजारी मर्यादेचा आकडा किंवा सरकपट्टी असते, ती नजरेतून सुटते. काही बँकांत स्विच चालू केल्यावरही मर्यादा शून्यच राहते. शून्य मर्यादा म्हणजे स्विच बंद असल्यासारखंच. आकडा टाका, `Save` किंवा `Confirm` दाबा, ओटीपी अथवा पिन मागितला तर द्या, आणि बाहेर पडून पुन्हा त्याच पानावर येऊन बदल टिकला आहे का ते बघा. हे शेवटचं अतिरेकी वाटेल, पण शेवटचं बटण न दाबता मागे फिरलेले लोक मी भरपूर पाहिले आहेत.

ॲप वापरत नसाल तर हेच काम बँकेच्या फोन सेवेवर किंवा एटीएमवर करता येतं. एकापेक्षा जास्त मार्गांनी आणि दिवसरात्र ही सोय द्यावी, असं त्याच परिपत्रकात आहे. घरातल्या ज्येष्ठांना ‘शाखेत येऊन अर्ज द्या’ असं कोणी सांगितलं तर हे लक्षात असू द्या.

परळचं एक उदाहरण, आकड्यांसकट

माझा भाचा परळला राहतो आणि लग्नांचे व्हिडिओ संपादित करतो. त्याला एका परदेशी ॲपचं महिना २० डॉलरचं सबस्क्रिप्शन हवं होतं. बचत खात्यात चाळीस हजारांच्या वर रक्कम, हातात डेबिट कार्ड. पहिल्याच प्रयत्नाला ‘Your card was declined’. ओटीपी आला नाही, बँकेचा मेसेज मात्र आला होता, परदेशी वापर बंद असल्याचा. त्याने `International` चालू केलं. पुन्हा नकार. आत बघितलं तर `Online` बंद. तेही चालू केलं आणि मर्यादा २,००० रुपये ठेवली. हिशेब सरळ होता: डॉलर ९० रुपयांच्या आसपास धरला तर २० डॉलरचे १,८०० होतात. तरी तिसऱ्यांदा नकार, आणि यावेळी मेसेज मर्यादा ओलांडल्याचा.

‘मामा, अठराशेच होतात ना?’ असं म्हणत तो फोन घेऊन माझ्याकडे आला.

होत नाहीत. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर २० डॉलरखाली कराची ओळ होती. भारतातल्या ग्राहकाला ऑनलाइन सेवा विकणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथला १८ टक्के जीएसटी लावावा लागतो. त्यामुळे २० चे झाले २३.६० डॉलर, म्हणजे ९० च्या दराने २,१२४ रुपये. मर्यादा तिथेच संपली. त्यावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. ते ३.५ टक्के धरलं, जे अनेक कार्डांवर असतं, तर आणखी ७४ रुपये ३४ पैसे आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १३ रुपये ३८ पैसे. एकूण २,२११ रुपये ७२ पैसे. अठराशेची गोष्ट बाविसशेवर गेली.

मर्यादा ३,००० केली, पैसे गेले. दर थोडा वर सरकला तरी पुरेल आणि कार्डाचा नंबर कुणाच्या हाती लागला तरी फार मोठा फटका बसणार नाही, असा तो आकडा आहे. आपला आकडा काढताना कर धरून होणाऱ्या रकमेत साधारण तिसरा हिस्सा वाढवा. आणि मर्यादा दिवसाची असेल तर त्याच दिवशी दुसरीकडे झालेला परदेशी ऑनलाइन खर्चही त्यातूनच वजा होतो, हे विसरू नका.

‘पहिले सात दिवस फुकट’ असलेल्या ॲपवरही कार्ड पडतं, आणि शून्य रुपयांसाठी कार्ड कसं नाकारलं, असा प्रश्न लोकांना पडतो. फुकट असलं तरी कार्ड जिवंत आहे का हे बघायला कंपनी शून्य किंवा एखाद्या डॉलरची मागणी बँकेकडे पाठवते. स्विच बंद असेल तर तीही परत येते. मंजूर झाली आणि तेवढी रक्कम अडकलेली दिसली, तर ती काही दिवसांत सुटते.

स्विच ठीक, मर्यादा ठीक, तरी नकार

आता कार्डाकडेच बघा. कार्डावर रुपे असेल तर ते परदेशी चालणाऱ्या प्रकारातलं आहे का, हे बँकेला विचारा. रुपेची काही साधी कार्डं भारतापुरतीच असतात. जी बाहेर चालतात तीही डिस्कव्हरसारख्या परदेशी नेटवर्कच्या आधाराने, त्यामुळे जिथे फक्त व्हिसा आणि मास्टरकार्डची चिन्हं दिसतात तिथे हट्ट करून फायदा नाही. जनधन किंवा साध्या बचत खात्याबरोबर मिळालेल्या कार्डाबाबत ही शक्यता आधी तपासा.

डेबिट कार्डावरचा परदेशी खर्च रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे परदेशात पैसे पाठवण्याच्या योजनेत, मोजला जातो आणि त्यासाठी पॅन लागतो. खात्याला पॅन जोडलेला नसेल किंवा केवायसी रखडलेलं असेल तर इथे अडतं. आणि परदेशी चलनाचा सट्टा किंवा लॉटरी यांच्या ॲपला बँक पैसे जाऊच देत नाही, त्यात स्विचचा दोष नाही.

देशही जुळावा लागतो. ॲपमध्ये खात्याचा देश भारत आणि कार्डही भारतातलंच असावं. स्वस्त पडतं म्हणून तुर्कस्तान किंवा दुसरा एखादा देश निवडून, व्हीपीएन लावून मुंबईतलं कार्ड टाकलं की अनेक कंपन्या संशयाने व्यवहार थांबवतात. अशा वेळी बँकेचा मेसेज येत नाही.

लागोपाठ प्रयत्न करत राहिलात तर तेही अंगाशी येतं. बँकेची फसवणूक पकडणारी यंत्रणा त्याकडे चोरीच्या कार्डाची चाचणी म्हणून बघते आणि कार्ड तात्पुरतं रोखते. मग सगळं नीट करूनही नकारच येतो. दोनदा पडलं की थांबा, कारण शोधा.

ॲपच्या मदत विभागाने `transaction_not_allowed` असं कारण कळवलं तर तो स्विचचा किंवा कार्डाच्या प्रकाराचा मामला. `insufficient_funds` आलं तर खात्यात रक्कम अडकवून ठेवली आहे का ते बघा, कारण दिसणारा बॅलन्स आणि वापरता येणारा बॅलन्स वेगळे असू शकतात. आयपीओसाठी अर्ज केला असेल तर हे हमखास. `do_not_honor` म्हणजे बँकेने कारण न देता परतवलं. ते बँकेलाच विचारायला हवं. फोनवर ‘कार्ड चालत नाही’ म्हणू नका. तारीख, वेळ, रक्कम, कंपनीचं नाव सांगून ‘हा व्यवहार कोणत्या कारणाने नाकारला गेला?’ असं विचारा. त्यांच्या पडद्यावर कारण असतं.

फोन नंबर कार्डाच्या मागचाच घ्या. इंटरनेटवर शोधलेला ‘कस्टमर केअर’ नंबर हा मुंबईकरांना लुटण्याचा जुना धंदा आहे. बँकेचा माणूस ओटीपी, पिन किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप मागत नाही. मागितलं तर फोन ठेवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा.

पहिला महिना गेला, दुसरा अडला

दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर एकदा दिलेली मंजुरी पुरत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरची अशी वसुली ई-मॅन्डेटच्या नियमातून जावी लागते. सुरुवातीला ओटीपी देऊन नोंदणी, आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी बँकेची सूचना. सबस्क्रिप्शनसारख्या खर्चात एका वेळी १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही. त्यावरच्या रकमेला लागतो, म्हणून महागडं वार्षिक सबस्क्रिप्शन नूतनीकरणाच्या दिवशी आपसूक कापलं जाण्याची आशा धरू नका.

सगळ्याच परदेशी कंपन्या या व्यवस्थेशी जोडलेल्या नाहीत. तिथे पहिला हप्ता हाताने भरला जातो, आणि पुढचा कंपनीने आपणहून मागितला की बँक परतवते. आदल्या दिवशीची सूचना आलीच नसेल तर कारण बहुधा हेच. बँकेच्या ॲपमध्ये `Manage SI`, `E-mandate` किंवा `Standing Instructions` उघडा. त्या यादीत ॲपचं नाव नसेल तर कार्डाला दोष देऊन उपयोग नाही.

मग पर्याय दोन. वार्षिक रक्कम एकदाच हाताने भरा, किंवा तेच सबस्क्रिप्शन अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधून घ्या आणि पैसे भरायची पद्धत म्हणून यूपीआय निवडा. तिथे यूपीआय ऑटोपे चालतं, पिन देऊन मान्यता दिली की परदेशी स्विचचा प्रश्नच उरत नाही. किंमत कंपनीच्या संकेतस्थळापेक्षा थोडी वेगळी असू शकते, पण चलन बदलाचं शुल्क वाचतं. मला स्वतःला हाच मार्ग पसंत आहे. आयफोनवाल्यांनी तर कार्डाच्या मागे लागण्याआधी पैसे भरायच्या पद्धतींची यादी बघावी. ॲपलने २०२२ मध्ये भारतात ॲप स्टोअरवर कार्ड घेणं थांबवलं आणि यूपीआय, नेटबँकिंग व ॲपल खात्यातली शिल्लक यांवर भर दिला.

सबस्क्रिप्शन कार्डावरच चालू असेल तर दर महिन्यानंतर परदेशी स्विच बंद करू नका. पुढच्या वसुलीच्या दिवशी तो बंद सापडला की पुन्हा नकार येतो. स्विच चालू, मर्यादा लहान, हे जास्त सोयीचं. कार्ड बदलून आलं तर स्विच, मर्यादा, ॲपमधला कार्डाचा तपशील आणि मॅन्डेट हे चारही पुन्हा तपासा.

पैसे कापले, पण सबस्क्रिप्शन मिळालं नाही

देशी कंपनीच्या ऑनलाइन व्यवहारात असं झालं तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये घालून दिला आहे. परदेशी कंपनी असेल तर आधी ॲपच्या मदत विभागाला बिल मागा आणि बँकेत ती रक्कम नुसती अडकलेली आहे की खरंच वसूल झाली, हे विचारा. नुसती अडकलेली असेल तर ती स्वतः सुटते. वसूल झाली असेल तर बँकेत ‘dispute’ नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्यासाठी पैसे लागत नाहीत. सोबत बँकेकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा.